सी:एन १४ आला म्हणजे कंपोस्ट पिकलं का? विकायच्या आधीची तपासणी

प्रश्न: आम्ही लातूर जिल्ह्यात पाच जण मिळून कंपोस्ट करतो. शेण, साखर कारखान्याची मळी म्हणजे प्रेसमड, कोंबडीखत, सोयाबीनचं भुसकट. ६० टनाची पहिली बॅच तयार झालीय, ढीग थंड पडलाय. लॅबचा रिपोर्ट आला, सी:एन म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण १४, नियमातल्या २० च्या खाली. आता शेतकऱ्यांना विकायला हरकत नाही ना? आणि जड धातूंची टेस्ट खरंच करायची का, आम्ही तर काही केमिकल टाकलं नाही.

उत्तर:

भाऊ, अजून गोण्या शिवू नका, पंधरा दिवस थांबा. तुमच्या रिपोर्टमधला १४ खोटा नाहीये पण तुम्ही त्याच्यावरून जे समजताय ते त्यातून निघत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही, चार वर्षांपूर्वी माझ्याच यार्डात हाच माल, जवळपास हाच आकडा आणि हीच घाई होती, आणि माझ्याकडून पहिल्या दिवशी माल नेलेल्या मिरचीवाल्याने ट्रे भरले, आठव्या दिवशी फोन आला की रोपं पिवळी पडून बसलीत, मुळं तपकिरी झालीत. पैसे परत दिले ते वेगळंच, पण पुढचे दोन सीझन त्या गावात माझ्या कंपोस्टचं नाव काढलं की लोक हसायचे.

आधी सी:एनचं बघू. हा आकडा पिकण्याचा पुरावा कधी होतो? तुम्ही सुरुवात ३० नाहीतर ३५ वरून केली असेल, म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या, भुसकट असा कार्बनवाला माल जास्त असेल आणि तो कुजत कुजत १५ वर आला तर त्या घसरणीला अर्थ आहे. पण कोंबडीखत कच्चं असतानाच १० ते १५ च्या आसपास असतं, ताजं शेण साधारण २० च्या जवळपास. म्हणजे ट्रॅक्टरमधून उतरवलेल्या कोंबडीखताचा नमुना त्याच दिवशी लॅबला पाठवला तरी तो २० च्या खाली पास होईल, आणि ते मिरचीच्या मुळाशी टाकून बघा काय होतं. तुमच्या मिक्समध्ये कोंबडीखत किती होतं ते लिहिलं नाहीत, पण चौथा हिस्सा जरी असेल तरी सुरुवातीचा आकडाच खाली होता असं धरा. पहिल्या दिवशीचा सी:एन माहीत नसेल तर शेवटच्या दिवशीच्या आकड्यावरून फार काही कळत नाही. पुढच्या बॅचला ढीग लावतानाच एक नमुना पाठवून ठेवा.

रिपोर्टमध्ये अजून एक बघा, कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही कोरड्या वजनावर दिलेत का. एकदा मला कार्बन कोरड्यावर आणि नायट्रोजन आहे त्या ओल्यावर असा रिपोर्ट आला होता, माल तोच पण १३.७५ चा १८ च्या वर गेला. रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा, सांगतात.

आता ढीग थंड पडलाय म्हणताय. भाऊ, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ढीग थंड पडतो तो बहुतेक वेळा सुकून पडतो, पिकून नाही. जिवाणूंना पाणी लागतं, ओल ३५ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं काम मंदावतं, अजून खाली गेली की बंद पडतं, आणि ढीग आतून थंड लागतो, वासही येत नाही, रंग काळा, हाताला भुसभुशीत. बघणारा म्हणतो झकास झालंय. मग जूनमध्ये ते रानात जातं, पाऊस पडतो, आणि तिथे ते परत गरम व्हायला लागतं, मुळाजवळचा ऑक्सिजन खातं, अमोनिया सोडतं. ट्रेमध्ये तर अजून लवकर कळतं कारण तिथं पळायला जागाच नसते. म्हणून पहिली टेस्ट ओल करून घ्यायची.

ती अशी. ढिगातला माल चाळा, थोडं थोडं पाणी शिंपडत मिसळा आणि मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटांमधून पाणी गळता कामा नये, एखादा थेंब चमकला तर ठीक. हा माल एक दिवस तसाच झाकून ठेवा, म्हणजे झोपलेले जिवाणू जागे होतील. मग रुंद तोंडाचं दीड-दोन लिटरचं थर्मास घ्या, जेवणाचं येतं तसलं, त्यात माल न दाबता भरा, थर्मामीटर तळाकडच्या तिसऱ्या भागापर्यंत खोचा, झाकण लावू नका, हवा लागते. सावलीतल्या खोलीत ठेवा आणि रोज सकाळी दोन आकडे लिहा, खोलीचं तापमान आणि थर्मासचं. पाच ते दहा दिवस. सगळ्यात जास्त फरक किती आला ते बघायचं. खोलीपेक्षा १० अंशाच्या आत वाढलं तर माल पिकलाय. १० ते २० म्हणजे शेतात पेरणीच्या महिनाभर आधी मिसळायला चालेल, रोपवाटिकेला नाही. २० च्या वर गेलं तर तो अजून चालू ढीग आहे, तुम्ही त्याला कंपोस्ट म्हणा नाहीतर काहीही म्हणा. ही टेस्ट लॅबमध्ये खास फ्लास्कमध्ये करतात, घरचं थर्मास उष्णता थोडी जास्त सोडतं म्हणून घरी ९ आला तर लगेच नाचू नका.

माझ्या त्या मालाचं सांगतो. खोली २९, तिसऱ्या दिवशी थर्मास ५३. म्हणजे २४ अंशाची वाढ. आणि हाच माल यार्डात हात घातला तर गार लागत होता.

दुसरी टेस्ट मेथीची. मुळा किंवा मूगही चालतो पण मेथी घरात असते आणि मूळ सरळ येतं, मोजायला सोपं. बी औषध न लावलेलं पाहिजे, थायरमची गुलाबी पावडर असलेलं नको. १० ग्रॅम कंपोस्टमध्ये १०० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, बॅटरीत टाकायचं पाणी मिळतं ते चालतं, बोअरचं नको कारण आपल्याकडच्या बोअरमध्ये आधीच क्षार असतात. तासभर अधूनमधून हलवा, फडक्यातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा. झाकणाच्या ताटलीत पेपर ठेवून त्यावर ५ मिली हा अर्क, आणि १० दाणे. अशा चार ताटल्या अर्काच्या आणि चार नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या. अंधारात ७२ तास. मग किती उगवले ते मोजा आणि प्रत्येक मुळाची लांबी पट्टीने मिलिमीटरमध्ये घ्या, कंटाळा येतो पण घ्या.

माझा हिशोब असा होता. साध्या पाण्यात ४० पैकी ३८ उगवले, सरासरी मूळ ३१ मिमी. कंपोस्टच्या अर्कात ४० पैकी ३०, मूळ १७ मिमी. मग ३० गुणिले १७ म्हणजे ५१०, आणि ३८ गुणिले ३१ म्हणजे ११७८. पहिल्याला दुसऱ्याने भागलं, शंभराने गुणलं, आलं ४३. याला उगवण निर्देशांक म्हणतात. ८० च्या वर पाहिजे, ५० च्या खाली म्हणजे अर्क सरळ विषारी आहे. नुसती उगवण बघितली असती तर ४० पैकी ३० काय वाईट, असं वाटलं असतं, खरी गोष्ट मुळाच्या लांबीत होती. टोकं तपकिरी पडली होती, मिरचीच्या ट्रेमध्ये होती तशीच.

मग मी काय केलं तर तो सगळा ढीग मोडला, ओल करून परत लावला, आठवड्याला एक पलटी, पाच आठवडे. नंतर थर्मास २९ चं ३५ वर जाऊन थांबलं. मेथी परत लावली, साध्या पाण्यात ३७ दाणे आणि ३० मिमी, अर्कात ३६ आणि २८ मिमी, म्हणजे ९१ टक्के. आणि आता गंमत बघा, सी:एन. पहिल्यांदा कार्बन २२, नायट्रोजन १.६, म्हणजे १३.७५. पाच आठवड्यांनी कार्बन २०.४, नायट्रोजन १.५५, म्हणजे १३.२. मिरची मारणारा माल आणि मिरची जगवणारा माल यांच्यात रिपोर्टवर जेमतेम अर्ध्या आकड्याचा फरक.

एक घोळ मात्र होऊ शकतो. थर्मास शांत, अमोनियाचा वास नाही, तरी मेथी वाढत नाही, असं झालं तर माल कच्चा नसून खारट असू शकतो. ईसी, म्हणजे क्षार किती आहेत ते दाखवणारी विद्युतवाहकता, मोजून घ्या, नियमात ४ च्या आत पाहिजे. तुमचं प्रेसमड कारखान्यातून आलंय ना, ते नुसतं प्रेसमड आहे का डिस्टिलरीचं सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश फवारून केलेलं बायोकंपोस्ट आहे ते विचारा, स्पेंटवॉशमध्ये पोटॅश भरपूर आणि क्षारही तसेच. खारट माल पाच आठवडे काय पाच महिने पिकवला तरी गोड होत नाही, उलट वस्तुमान कमी होतं आणि क्षार तेवढेच राहतात. त्यात कमी क्षाराचा माल मिसळणं एवढंच हातात असतं. आपल्या काळ्या रानात जिथं आधीच पीएच ८ च्या पुढे असतो तिथं असा माल देऊ नका.

आता जड धातू. केमिकल टाकलं नाही म्हणून धातू नाहीत, असं नसतं भाऊ. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये सिटी कंपोस्टला मर्यादा दिल्यात, कोरड्या वजनावर किलोला मिलिग्रॅममध्ये: कॅडमियम ५, क्रोमियम ५०, तांबं ३००, शिसं १००, निकेल ५०, जस्त १०००, पारा ०.१५, आणि आर्सेनिक त्याच्या ऑक्साइडच्या हिशोबाने १०. सिटी कंपोस्टला एवढं सगळं कशासाठी तर शहरी कचऱ्यात सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे येतात. तुमच्यात शहराचा कचरा नाही म्हणून शिसं, कॅडमियम, पाऱ्याची भीती कमी. कोंबडीखतातून जस्त आणि तांबं येतं कारण खाद्यातच घालतात, पण त्या मर्यादा मोठ्या आहेत. मग अडकणार कुठे? क्रोमियमवर. आणि ते येणार तुमच्या पायाखालच्या मातीतून.

आपली काळी माती बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची, झीज होऊन झालेली आहे आणि त्या दगडात निकेल, क्रोमियम, तांबं निसर्गतःच जास्त असतं. त्यामुळे रानातल्या साध्या, कधीही काही न टाकलेल्या मातीत क्रोमियम ५० च्या वर निघू शकतं. तुम्ही उघड्या काळ्या जमिनीवर ढीग लावता, जेसीबीने पलटी मारता, आणि प्रत्येक पलटीला बकेट दोन-तीन इंच माती खरवडून आणतं. शेणातही गोठ्याची माती असतेच.

माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये क्रोमियम ५४ आलं. मी म्हटलं लॅब चुकली, परत पैसे भरले, परत तसंच. मग एकाने सांगितलं म्हणून यार्डाच्या मातीचा नमुना वेगळा पाठवला आणि ताडपत्रीवर लावलेल्या एका छोट्या ढिगाचा वेगळा. मातीत क्रोमियम ९८, ताडपत्रीवरच्या ढिगात २२. आता समजा मोठ्या ढिगात मातीचा वाटा काढायचाय, तर २२ पासून ९८ पर्यंत ७६ चं अंतर, त्यात आपण ३२ चढलोय, म्हणजे साधारण ४२ टक्के. पटेना. म्हणून राखेवरून ताळा केला. भट्टीत जाळल्यावर माती ९२ टक्के उरली, ताडपत्रीवरचं कंपोस्ट ४० टक्के, मोठ्या ढिगाचं ६२ टक्के. ४० पासून ९२ पर्यंत ५२, त्यात २२ चढलो, परत ४२ टक्के. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला तेव्हा मान खाली घातली. शेतकऱ्याला मी टनामागे ४०० किलोच्या वर त्याचीच माती विकणार होतो.

हे क्रोमियम खनिजात बांधलेलं असतं, चामड्याच्या कारखान्यातल्या क्रोमियमसारखं ते नाही, माझ्या मते पिकाला त्याचा त्रास नाहीच. पण मर्यादेचा आकडा एकूण क्रोमियमचा आहे, ते कुठून आलं हे नियम विचारत नाही. आणि कुजवून ते कमी होत नाही, कार्बन उडून जातो, धातू तिथेच राहतो, त्या पाच आठवड्यांत माझं ५४ चं ५६ झालं. ४ मिमीच्या चाळणीने ढेकळं निघतात पण बारीक माती शेणाला चिकटलेली असते ती निघत नाही. तो उरलेला ढीग मी विकला नाही, स्वतःच्या रानात पसरला, माती तिथलीच होती. आणि कोबा करून घेतला, पूर्ण यार्डाला नाही, जिथे पलट्या होतात तेवढ्या दोन पट्ट्यांना. तेवढे पैसे नसतील तर मुरूम दाबून वर जाड ताडपत्री आणि जेसीबीऐवजी फावडी, एवढंही चालतं. मुरूमही त्याच दगडाचा असतो, म्हणून उघडा ठेवू नका.

तुमच्या रिपोर्टवर राख किंवा सेंद्रिय कार्बन आहे का बघा. बऱ्याच लॅब जाळून गेलेलं वजन १.७२४ ने भागून कार्बन काढतात. त्यामुळे कार्बनला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ आणि १०० मधून ते वजा केलं की राख. माझ्या २२ चे ३८ होतात आणि १०० मधून ६२ उरतात. हे गणित लॅबला पैसे न देता आज रात्री करता येतं. राख ५५ च्या वर असेल तर धातूंची टेस्ट करायच्या आधी यार्डाकडे बघा.

धातूंची टेस्ट करायचीच, पण प्रत्येक बॅचला आठही धातू करत बसू नका, खर्च परवडत नाही. पहिल्या बॅचला आठही, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये, आणि मान्यता कंपोस्टमधल्या धातूंसाठी आहे का ते विचारून. नंतर माल आणि जागा तीच असेल तर मधल्या बॅचना क्रोमियम, निकेल आणि राख. कोंबडीखत दुसऱ्या शेडवरून आणलं तर जस्त-तांबंही. पाऱ्याच्या रकान्यात बीडीएल, म्हणजे मोजता येण्याच्या पातळीखाली, असं लिहिलेलं असेल तर कितीपर्यंत मोजता येतं ते विचारा, ज्या मशीनला १ च्या खालचा पारा दिसतच नाही तिथलं बीडीएल ०.१५ च्या मर्यादेला काय कामाचं.

नमुना कसा काढलात हे तुम्ही लिहिलं नाही आणि मला तिथेच शंका आहे. वरून एक घमेलं भरून दिलं असेल तर १४ हा आकडा वरच्या सालीचा आहे. ६० टनाला किमान १२ जागा धरा, प्रत्येक जागी वरचा वीतभर थर बाजूला काढा, मग मधून आणि तळाकडून घ्या पण जमिनीला टेकलेला थर नको. सगळं ताडपत्रीवर एकत्र कालवा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा बाकीचे परत ढिगावर, असं करत दोन किलोवर या. जस्ताची बादली आणि जस्त लावलेलं पत्र्याचं घमेलं वापरू नका, जस्त वाढून येतं, प्लास्टिकचं टोपलं घ्या. एक किलो लॅबला, त्याच दिवशी, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून तीन दिवसांनी नाही.

विकायचा परवाना आणि गोणीवर काय छापायचं ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा, तुमच्या मालाला कोणता प्रकार लागू होतो त्यावर मर्यादा थोड्या बदलतात.

उरलेला एक किलो सुकवून बरणीत बंद करा, वर बॅच नंबर, तारीख, थर्मासचा आकडा, मेथीचा आकडा लिहा आणि वर्षभर टाकू नका. मिरचीवाल्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडे बरणी नव्हती, म्हणून त्याच्या ट्रेमधलं कंपोस्ट माझंच होतं का त्याने त्यात अजून काही मिसळलं होतं हे आजपर्यंत ठरलेलं नाही.